पत्रक दोन्ही घरांनी वाचायचं असतं

मंडळी, वधू-वर सूचक केंद्र चालवणाऱ्यांना पत्रक लिहायला बसवलं की बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते : "मुलीच्या लग्नाची चिंता आता सोडा!" लिहिणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते, यात मला शंका नाही. पण हे वाक्य मुलीच्या घरी कसं वाचलं जातं ते बघा. तिथे ती मुलगी स्वतः वाचत असते. नोकरी करणारी, शिकलेली मुलगी पहिल्याच ओळीत घरच्यांची 'चिंता' होऊन जाते. आणि मुलाच्या घरी? तिकडे असा निरोप जातो की गरज समोरच्यांना आहे, आपण निवांत बसावं. म्हणजे भेट व्हायच्या आधीच एक घर वर आणि एक घर खाली झालं, आणि हे कोणी मुद्दाम केलेलं नसतं.

आज मला तेवढंच सांगायचं आहे. पत्रकातला आदर विशेषणांनी येत नाही. कोण कोणाला काय विचारतं, कोणी कुठे जायचं, कोणाचा शब्द शेवटचा, या गोष्टी वाक्यावाक्यातून ठरत असतात. आदर तिथे दिसतो किंवा दिसत नाही. 'रेशीमगाठी', 'स्वर्गात जुळलेल्या जोड्या' हे कितीही पेरलं तरी त्यात फरक पडत नाही.

नमुन्यासाठी मी एक मजकूर तयार केला आहे. कुठल्याही एका केंद्राचा नाही, पण तुम्हाला ओळखीचा वाटेल. ऐका :

"मुलीच्या लग्नाची चिंता आता सोडा! आमच्याकडे उच्चशिक्षित, निर्व्यसनी, परदेशस्थ वरांची भरपूर स्थळे. वधूपित्यांनी फोटो व पत्रिकेसह त्वरित भेटावे. वधूंची नोंदणी मोफत. निर्दोष घटस्फोटितांसाठी स्वतंत्र विभाग. १०० टक्के खात्रीशीर सेवा."

पहिली ओळ झाली. आता 'वधूपित्यांनी' घ्या. ज्या घरात वडील नाहीत, आईनेच सगळं निभावलं आहे, त्या आईला या शब्दात जागा नाही. 'पालकांनी' लिहिलं की ती आत येते. मामा-काका लग्न बघत असतील तर 'घरच्यांनी' अधिक बरं. आणि 'त्वरित भेटावे' फक्त मुलीकडच्यांनाच का? मुलाच्या पालकांना आपण कधी 'त्वरित' म्हणत नाही.

'वधूंची नोंदणी मोफत' ही ओळ मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. केंद्रवाले सांगतात की मुलींची नावं कमी येतात, म्हणून सवलत देतो. अडचण खरी आहे. पण वाचणाऱ्याला त्यातून दिसतं ते असं : पैसे मुलाकडून घेतलेत, म्हणजे गिऱ्हाईक तो, आणि मुलींची यादी ही त्याला दाखवायची गोष्ट. मग मुलाकडचे कार्यालयात येऊन "आम्ही फी भरली आहे, अजून फोटो दाखवा" म्हणतात, तेव्हा त्यांना अडवायला केंद्राकडे तोंड राहत नाही. दुसऱ्या बाजूने, मोफत नाव घातलेल्या मुलीच्या आईला तक्रार करायला संकोच वाटतो. शुल्क सारखं ठेवा. एखाद्या घरची परिस्थिती नसेल तर सवलत द्या, पण ती परिस्थिती बघून, मुलगी की मुलगा हे बघून नाही.

'निर्दोष घटस्फोटित' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की कोणी दचकत नाही. पण शेजारी नुसतं 'घटस्फोटित' लिहिलेल्या माणसाचं काय झालं? त्याचा दोष आपोआप सिद्ध झाला! केंद्र हे काही न्यायालय नाही. 'पुनर्विवाहासाठीही नोंदणी' एवढं पुरे. त्यात जोडीदार गमावलेलेही सामावतात, आणि त्यांना वेगळ्या कोपऱ्यात बसवल्यासारखं वाटत नाही.

१०० टक्के खात्रीबद्दल फार बोलत नाही. लग्न जमेलच, असं कोणी लिहून देऊ शकत नाही. जे आपल्या हातात आहे त्याचीच हमी द्यावी.

आणि हातात काय आहे, हे विचारलं की पत्रकाला खरा ओलावा येतो. घरच्यांच्या मनाला सर्वांत जास्त काय लागतं, माहीत आहे? नकार लागतोच, पण त्याहून लागतं ते काहीच न कळवणं. मुलाकडचे येऊन जातात, छान बोलतात, मग महिना महिना फोन नाही. आई म्हणते, आपण विचारलं तर बरं दिसेल का? मुलगी गप्प. हेच मुलाच्या घरीही होतं, आता तर बरंच होतं. केंद्राने ठरवलं तर ही ताटकळ संपू शकते. तेव्हा पत्रकात लिहा की होकार-नकार आम्ही कळवू, आणि किती दिवसांत तेही लिहा. नकाराची कारणं मात्र पोचवू नका. "मुलगी सावळी वाटली", "घर लहान आहे" अशी वाक्यं मध्यस्थाच्या तोंडून गेली की ती वर्षानुवर्षं राहतात.

आता तोच मजकूर मी असा लिहीन :

"लग्नाचा विचार करणाऱ्या मुलामुलींचं आणि त्यांच्या घरच्यांचं स्वागत. वधू-वर दोघांची माहिती आम्ही एकाच नमुन्याच्या अर्जात घेतो; शुल्क दोघांना सारखं. फोटो आणि फोन नंबर विचारल्याशिवाय पुढे देत नाही. पहिली भेट कुठे आणि केव्हा, हे दोन्ही घरांच्या सोयीने ठरतं. भेटीनंतर होकार असो वा नकार, आठ दिवसांत दोन्हीकडे कळवतो. पुनर्विवाहासाठीही नोंदणी."

लिहून झालं की एक तपासणी करा. मजकूर मोठ्याने वाचा, पण 'वधू'च्या जागी 'वर' आणि 'वर'च्या जागी 'वधू' घालून. जिथे जीभ अडखळेल किंवा हसू येईल, ते वाक्य एका बाजूला कललेलं आहे. "वरपित्यांनी मुलाच्या फोटोसह त्वरित भेटावे. वरांची नोंदणी मोफत." बघा, लगेच कळतं. 'गृहकृत्यदक्ष' आणि 'निर्व्यसनी' हे दोन शब्दही असेच उलटे करून बघा. स्वयंपाक येणारा मुलगा आणि व्यसन नसलेली मुलगी यांचा उल्लेख आपण का करत नाही, हा विचार तिथून सुरू होतो.

या तपासणीत एक गोष्ट मात्र सापडत नाही, ती वेगळी बघावी लागते : पैशाचा सूर. 'लग्न थाटात करून देणारी स्थळे', 'जावयाला व्यवसायात मदत करणारे कुटुंब' अशा ओळी एखाद्या पालकाच्या आग्रहाने आत शिरतात. हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ च्या कलम ४-अ नुसार लग्नाच्या मोबदल्यात संपत्तीतला वाटा, पैसा किंवा धंद्यातला हिस्सा देऊ करणाऱ्या जाहिरातीला बंदी आहे. आणि शिक्षा फक्त देऊ करणाऱ्याला नाही, ती जाहिरात छापणाऱ्याला, प्रसिद्ध करणाऱ्याला आणि वाटणाऱ्यालाही आहे : सहा महिने ते पाच वर्षं कैद किंवा १५,००० रुपयांपर्यंत दंड. पालक म्हणतील, "आम्हीच खुशीने देतोय, तुमचं काय जातं?" तेव्हा त्यांचा अपमान न करता सांगा, "तुमची खुशी तुमच्या घरात राहू द्या, आमच्या कागदावर ती दुसऱ्या मुलीच्या वडिलांवर ओझं होते." त्यावर बहुतेक घरं ओळ काढायला तयार होतात. जी होत नाहीत, त्यांची नोंदणी न घेणं केंद्राच्या हिताचं आहे.