तीन पोस्ट, एक ठिबक

(दृश्य: सांगोला तालुका. डाळिंबाची बाग, पाटानं पाणी चाललेलं. बांधावर बसलेला शेतकरी मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचतोय.)

निवेदन:
आप्पांच्या मोबाइलवर आज सकाळपासून एकच मजकूर चार वेळा आलाय. ‘ठिबकला ८० टक्के अनुदान! आजच शेवटची तारीख! लगेच खालील लिंकवर अर्ज करा.’ पाठवणारे चारही जण गावातलेच. मूळ कुणी लिहिलं, हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नाही.

आप्पांनी मनातल्या मनात हिशेब केला. दुकानदारानं दोन एकर बागेच्या ठिबकचं कोटेशन दिलंय १ लाख २० हजारांचं. त्याचे ८० टक्के ९६ हजार. म्हणजे खिशातून जाणार २४ हजार.

हा हिशेब चुकलाय. तो कुठे चुकला, हे सांगणाऱ्या तीन पोस्ट आज संध्याकाळपर्यंत तयार होणार आहेत.

(दृश्य: ग्रामपंचायतीची खोली. सहायक कृषी अधिकारी मॅडम वहीत लिहितात, खोडतात. बाजूला त्यांचा मोबाइल.)

निवेदन:
पूर्वी यांना कृषी सहायक म्हणायचे, गाव अजूनही तेच म्हणतं. मॅडमचा नियम साधा आहे. पोस्ट उघडली की ‘आणखी वाचा’ दाबावं लागता कामा नये. एका पोस्टमध्ये एकच गोष्ट. पहिली पात्रतेची, दुसरी कागदांची, तिसरी तारखेची.

(पडद्यावर, पोस्ट १)
‘ठिबक अनुदान: अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. एकूण जमीन २ हेक्टरपर्यंत असेल तर अल्प. टक्के बिलावर नाहीत, सरकारी खर्च मर्यादेवर आहेत. एका शेतकऱ्याला ५ हेक्टरपर्यंत लाभ.’

निवेदन:
चार ओळींसाठी अर्धी दुपार गेली. ‘प्रति थेंब अधिक पीक’ या केंद्राच्या योजनेतून अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के मिळतात, बाकीच्यांना ४५. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना अनुक्रमे २५ आणि ३० टक्के घालते. ही बेरीज शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, म्हणून मॅडमनी ती खोडली. पण ‘बिलावर नाहीत’ हे शब्द त्यांनी ठेवले, कारण सगळी फसगत तिथंच होते.

ठिबकच्या प्रत्येक अंतराला, म्हणजे दोन ओळी आणि दोन झाडं यांत किती जागा आहे त्यानुसार, सरकारनं खर्चाची मर्यादा ठरवलेली असते. दुकानदाराचं बिल त्याहून जास्त असेल तर वरचा सगळा भार शेतकऱ्यावर.

(दृश्य: आप्पा आठ-अचा उतारा टेबलावर ठेवतात. मग पिशवीतून दुसरा उतारा निघतो.)

निवेदन:
आप्पांच्या या गावातल्या खात्यावर १ हेक्टर ६० आर जमीन आहे. म्हणजे अल्पभूधारक. मॅडम विचारतात, “आप्पा, दुसऱ्या गावात काही आहे का?” आप्पा जरा थांबतात. सासुरवाडीच्या बाजूला घेतलेले ७० आर आहेत. एक गाव, एक आठ-अ. दोन गावं, दोन उतारे. बेरीज झाली २ हेक्टर ३० आर, आणि आप्पा ७५ टक्क्यांत गेले.

आता समजा, त्यांच्या बागेसाठी खर्च मर्यादा १ लाख निघाली. ७५ टक्के म्हणजे ७५ हजार. बिल १ लाख २० हजार. खिशातून ४५ हजार, २४ नव्हे. या फरकासाठी आप्पांना कांद्याचे पैसे राखून ठेवावे लागतील, आणि ते आधी कळलं तरच राखता येतील. फिरत्या पोस्टमधल्या त्या एका ‘८० टक्के’नं २१ हजारांचा खड्डा झाकला होता.

(पडद्यावर, पोस्ट २)
‘अर्जाआधी तयार ठेवा: शेतकरी ओळख क्रमांक. आधारशी जोडलेला मोबाइल. आधारशी जोडलेलं बँक खातं. विहीर, बोअर किंवा शेततळं यांपैकी पाण्याचा स्रोत. वीजपंप असेल तर वीजबिल. सामाईक जमीन असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र. अनुसूचित जाती-जमातीसाठी जातीचा दाखला.’

निवेदन:
जुन्या पोस्टमध्ये सातबारा आणि आठ-अ सगळ्यांत वर असायचे. आता शेतकरी ओळख क्रमांक टाकला की जमीन पडद्यावर येते. फक्त एक गोम आहे. ओळख क्रमांक काढताना जो गट जोडायचा राहिला, तो अर्जातही दिसत नाही. बाग नेमकी त्याच गटात असेल तर अर्ज अडतो. म्हणून क्रमांक आहे एवढ्यावर खूश न होता आपले सगळे गट त्यात आहेत का, हे उतारे समोर ठेवून बघावं लागतं.

बँकेचंही तसंच. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यावर जमा होतं. पासबुक जिल्हा बँकेचं दाखवलं आणि आधार मात्र मुलानं भलत्याच बँकेत जोडून दिला असेल, तर पैसे त्या भलत्या खात्यात जातात. मग शेतकरी जिल्हा बँकेत खेटे घालतो आणि म्हणतो, अनुदान आलंच नाही.

(दृश्य: मॅडम मोबाइलवर टाइप करतात. पडद्यावर अक्षरं: mahadbt.maharashtra.gov.in)

निवेदन:
मॅडम पोस्टमध्ये लिंक टाकत नाहीत, पत्ता लिहून देतात. अनुदानाच्या नावानं पाठवलेली फाइल मोबाइलमध्ये उतरवली आणि खातं रिकामं झालं, असे प्रकार घडलेत. अर्ज महाडीबीटीवरच होतो आणि फी २३ रुपये ६० पैसे. त्याहून जास्त मागणारा माणूस फॉर्म भरण्याची मजुरी घेतोय, सरकारी फी नाही.

राहिली तारीख. इथं मॅडम सगळ्यांत जास्त अडखळल्या.

(पडद्यावर खोडलेली ओळ: ‘अंतिम तारीख:’ पुढे रिकामी जागा)

निवेदन:
पीकविम्याला हंगाम आणि पिकाप्रमाणे सगळ्यांसाठी एक तारीख असते, ती जाहीर होते. ठिबकचं तसं नाही. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी संधी. त्यामुळे ‘आजच शेवटची तारीख’ हे खोटं, आणि ‘बघू नंतर’ हेही महागात पडणारं. खरी शेवटची तारीख प्रत्येकाची वेगळी असते. कृषी विभाग खरेदीआधी जी पूर्वसंमती देतो, तिच्यापासून ती मोजली जाते.

(पडद्यावर, पोस्ट ३)
‘अर्ज लवकर करा, क्रम लागतो. निवड झाल्याचा मेसेज आला की दिलेल्या मुदतीत कागद अपलोड करा. पूर्वसंमती मिळाल्याशिवाय ठिबक खरेदी करू नका. पूर्वसंमतीपासून ३० दिवसांत संच बसवा आणि बिल अपलोड करा.’

निवेदन:
तिसरं वाक्य मॅडमनी ठळक केलं. पूर्वसंमतीआधीची तारीख बिलावर असली की अनुदान गेलं, मग संच शेतात कितीही नीट चालत असो. पाणी टंचाईला आलंय म्हणून घाईत संच घेणारे यात हमखास अडकतात.

(दृश्य: संध्याकाळ. आप्पा ओट्यावर. मोबाइल वाजतो. ते तिन्ही पोस्ट वाचतात, मग बोलून मेसेज पाठवतात.)

आप्पांचा आवाज:
“मॅडम, ३० दिवस कुठनं मोजायचं? मेसेज मी वाचला तवापासनं का?”

निवेदन:
मॅडम पोस्ट मागे घेतात. शेवटच्या वाक्यात बदल करतात: ‘पूर्वसंमतीवर जी तारीख छापली आहे, तिच्यापासून ३० दिवस. ६ नोव्हेंबरची असेल तर ६ डिसेंबर.’ पोस्ट एका ओळीनं वाढली. ‘आणखी वाचा’ अजून आलेलं नाही.

(दृश्य: दुकानदाराचं कोटेशन आप्पा घडी घालून देवळीत ठेवतात. बागेत पाटाचं पाणी अजून चालूच आहे.)