टीडीएस कापला, तरी व्याज का लागलं?

(ठाण्यात फ्रीलान्स काम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बहुतेक जण अनुवाद, डिझाइन, संपादन असं काम घरी बसून करता. कंपनी पैसे देताना दहा टक्के टीडीएस कापते, म्हणून कर भरला गेला असं वाटतं. मग जुलैत रिटर्न भरायला बसलं की स्क्रीनवर 234B आणि 234C अशा दोन ओळींत आकडे दिसतात आणि हा दंड कसला, असा प्रश्न पडतो. तो दंड नाही, व्याज आहे. त्याचा हिशेब वहीच्या एका पानावर मांडता येतो आणि आज मला तेवढंच करून दाखवायचं आहे.

घोडबंदर रोडवर राहणारी एक अनुवादक डोळ्यांसमोर आणा. वर्ष २०२४-२५. खर्च वजा जाता तिचं उत्पन्न चौदा लाख. नव्या करप्रणालीत त्यावर कर होतो १,२०,००० आणि चार टक्के सेस धरून १,२४,८००. इथल्या प्रकाशकांनी आणि कंपन्यांनी तिचा टीडीएस कापला ४४,८००. बाकीचं काम परदेशी ग्राहकांचं, तिथे टीडीएस नाही. म्हणजे तिने स्वतः भरायचे उरले ८०,०००. टीडीएस वजा जाऊन दहा हजार किंवा त्याहून जास्त कर उरत असेल, तर तो वर्ष चालू असतानाच भरावा लागतो. त्यालाच ॲडव्हान्स टॅक्स म्हणतात.

हप्ते चार आहेत. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा ठराविक व्यवसायांना ४४-एडीए कलमाखाली अंदाजित उत्पन्न दाखवता येतं आणि मग सगळा कर १५ मार्चला एकदम भरला तरी चालतो. अनुवाद त्या यादीत नाही. तेव्हा या बाईंना चारही हप्ते लागू.

आता त्यांनी काय केलं? जून आणि सप्टेंबरमध्ये काहीच भरलं नाही. २० डिसेंबरला २०,००० भरले आणि १० मार्चला ३०,०००. एकूण पन्नास हजार. उरलेलं रिटर्नच्या वेळी बघू, असं ठरवलं.

पहिलं व्याज २३४-सी, म्हणजे हप्ता चुकल्याचं. जूनला १२,००० हवे होते, आले शून्य. महिन्याला एक टक्का, तीन महिन्यांचं व्याज ३६०. सप्टेंबरला एकूण ३६,००० हवे होते, शून्य आले, व्याज १,०८०. डिसेंबरला ६०,००० हवे होते. तिने वीस हजार भरले होते खरे, पण २० तारखेला. १५ डिसेंबर २०२४ ला रविवार होता, त्यामुळे सोमवारी भरले असते तरी चाललं असतं. २० तारीख मात्र उशिराचीच. म्हणून त्या हप्त्यापुरते ते धरलेच जात नाहीत आणि पूर्ण साठ हजारांवर तीन महिन्यांचं व्याज लागतं, १,८००. १५ मार्चला ३०,००० कमी पडले, तिथे एकाच महिन्याचं व्याज, ३००. चारही मिळून ३,५४०.

हे कलम दिवस मोजत नाही. हप्ता चार दिवस चुकला काय किंवा ऐंशी दिवस, पहिल्या तीन हप्त्यांना व्याज तीन महिन्यांचंच. तेच वीस हजार मुदतीत भरले असते, तर डिसेंबरचं व्याज चाळीस हजारांवर लागून १,२०० झालं असतं. थोड्या दिवसांच्या उशिराचे सहाशे रुपये गेले. म्हणून १५ तारखेला हातात कमी पैसे असले तरी जे आहेत ते त्याच दिवशी भरा, असं मी आग्रहाने सांगतो. पहिल्या दोन हप्त्यांत थोडी सूटही आहे. जूनपर्यंत १२ टक्के आणि सप्टेंबरपर्यंत ३६ टक्के भरले असतील, तर त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही. त्याहून कमी भरलं, तर मात्र तूट पुन्हा १५ आणि ४५ टक्क्यांपासून मोजतात.

दुसरं व्याज २३४-बी. वर्ष संपताना ॲडव्हान्स टॅक्स नव्वद टक्क्यांपेक्षा कमी भरलेला असेल, तर १ एप्रिलपासून हे सुरू होतं. ऐंशी हजारांचे नव्वद टक्के म्हणजे ७२,०००. तिने भरले पन्नास. कमी पडले बावीस हजार, पण व्याज त्या बावीसवर नाही, पूर्ण तीस हजारांवर लागतं. १० जुलैला तिने बाकी भरली. एप्रिल, मे, जून आणि जुलैचे दहा दिवस. अपुरा महिनाही पूर्ण धरतात, म्हणून चार महिने, १,२०० रुपये.

फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट आता सांगतो. १५ मार्चनंतर पण ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कमही ॲडव्हान्स टॅक्सच धरली जाते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणखी बावीस हजार भरले असते, तर नव्वद टक्के पूर्ण होऊन २३४-बी शून्य झालं असतं. उरलेल्या आठ हजारांवरही ते लागलं नसतं.

आणि मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका. २०२५ मध्ये रिटर्नची तारीख जुलैवरून सप्टेंबरात गेली, लोक निवांत झाले. त्या मुदतवाढीने रिटर्न उशिरा भरल्याचं व्याज, म्हणजे २३४-ए, टळलं. २३४-बी दर महिन्याला चढतच होतं.

आता हे रिटर्नवर वाचायचं कसं? `Part B-TTI` या भागात एकूण कराखाली तिन्ही व्याजांच्या वेगळ्या ओळी असतात. आपल्या उदाहरणात `234B` समोर १,२०० आणि `234C` समोर ३,५४० दिसायला हवेत. आकडा वेगळा आला, तर आधी `Schedule IT` उघडा. तिथे प्रत्येक चलनाची तारीख आणि रक्कम असते, व्याजाचं गणित तिथूनच येतं. एक तारीख चुकीची टाइप झाली की २३४-सी बदलतं. एखादं चलनच दिसत नसेल, तर ते भरताना `Assessment Year` चुकीचं निवडलं गेलं का, ते पाहा. २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी ते 2025-26 असतं.

शेवटचा भरणाही नीट करा. कराचे ३०,००० आणि व्याजाचे ४,७४०, म्हणजे ३४,७४० एकदम भरायचे. नुसते तीस हजार भरले, तर त्यातून आधी व्याज वळतं होतं, मग कर. तेव्हा ४,७४० कर थकीत राहतो आणि त्यावर व्याज पुढे चालू राहतं.

रिटर्नची तपासणी झाल्यावर १४३(१) ची सूचना ईमेलने येते. तिच्यात दोन रकाने असतात, एक तुम्ही दाखवलेला आणि एक विभागाने मोजलेला. व्याज वाढलेलं दिसलं तर लगेच व्याजाच्या ओळीवर भांडू नका, आधी टीडीएसची ओळ पाहा. एखाद्या कंपनीने कापलेला कर तुमच्या पॅनवर जमा दाखवला नसेल, तर विभाग ते श्रेय देत नाही. देय कर वाढतो आणि त्यामागून व्याजही वाढतं. अशा वेळी कंपनीकडून टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करून घ्यायचं. ते झालं की रिटर्न पुन्हा तपासण्याची विनंती पोर्टलवर करायची, मग व्याज खाली येतं.

एका ताईंनी विचारलं, की जानेवारीत अचानक मोठं काम आलं, जूनमध्ये ते मला कसं कळणार? प्रश्न रास्त आहे आणि कायदा इथे कठोर आहे. भांडवली नफा, लॉटरी, लाभांश असं उत्पन्न मागाहून आलं, तर उरलेल्या हप्त्यांत कर भरून २३४-सी टळतं. व्यवसायाचं उत्पन्न पहिल्यांदाच सुरू झालं असेल, जसं नोकरी सोडून फ्रीलान्स सुरू केलं, तरी ती सवलत मिळते, पण उरलेले हप्ते किंवा शेवटी ३१ मार्च गाठावा लागतो. आधीपासून काम करणाऱ्याला जानेवारीचं मोठं काम आलं, तरी त्याचा कर जूनपासूनच देय होता असं धरून व्याज लागतं.