आकडे का बदलले, हे शाखेला कसं सांगायचं

(दादर येथे बँक कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांत निम्मे शाखांमधले दिसतायत आणि निम्मे मुख्य कार्यालयातले. म्हणजे आज रंगणार! विषय लहान दिसतो: मूळ नोंदींत दुरुस्ती झाली, त्यामुळे या महिन्याचे आकडे वेगळे आले, तर शाखाधिकाऱ्यांना मेल कसा लिहायचा. शेवटी तो मेल मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे. पण आधी एक हकिगत सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय माझं मन शांत होत नाही.

मुलुंडच्या एका शाखेतले अधिकारी माझ्या चांगल्या ओळखीचे. बँकेचं नाव नको. महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी अहवाल उघडला, तर शाखेचा एनपीए तीन टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर गेलेला. त्या महिन्यात त्यांनी एक जुनं थकीत खातं पूर्ण वसूल करून बंद केलं होतं. शनिवारी कर्जदाराच्या दारात उभं राहून केलेली वसुली होती ती. आणि आकडा वर! मुख्य कार्यालयाचा मेल होता एका ओळीचा: ‘डेटा करेक्शनमुळे आकड्यांत फरक आहे, कृपया नोंद घ्यावी.’ नोंद कशाची घ्यायची? दोन दिवसांनी फोर्टला आढावा बैठक. लोकलमध्ये उभ्याने जाताना हा माणूस मनातल्या मनात उत्तरं जुळवत होता आणि त्याच्याकडे एकही उत्तर नव्हतं. बैठकीत विचारलं गेलं, ‘वसुलीकडे लक्ष नाही का?’ पडद्यावर तक्ता, समोर बाकीचे शाखाधिकारी, आणि हे गप्प. मला आजही त्याचा राग येतो. खुलासा मुख्य कार्यालयात तयार होता हो, फक्त तो कोणी लिहिला नाही.

आता नेमकं झालं काय होतं ते बघा. एका कर्जदाराच्या त्या शाखेत दोन कस्टमर आयडी होत्या. एकीवर गृहकर्ज, ५२ लाख बाकी, हप्ते अगदी वेळेवर. दुसरीवर छोटं वैयक्तिक कर्ज, ते नव्वद दिवसांच्या पुढे थकलेलं, म्हणून आधीच एनपीएत. एका नोंदीत आडनाव आधी, दुसरीत नाव आधी. आणि एकीत पॅनमधले दोन अंक उलटसुलट टाइप झालेले. पॅनचा साचा बरोबरच होता, पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, त्यामुळे सिस्टीमने हरकत घेतली नाही. केवायसी नव्याने घेताना पॅन दुरुस्त झाला, दोन्ही नोंदी जुळल्या आणि आयडी एक झाली.

इथे बसलेल्यांना नियम पाठ आहे: एनपीए कर्जदारानुसार ठरतो, खात्यानुसार नाही. एक खातं एनपीए झालं की त्या कर्जदाराची सगळी कर्जं एनपीए. म्हणून वेळेवर फिटत असलेले ५२ लाख एका रात्रीत एनपीएत आले. कोणी नव्याने हप्ता चुकवला नव्हता. ते कर्ज आधीच्या महिन्यातही एनपीएच धरायला हवं होतं, आपल्याला फक्त ते दिसत नव्हतं.

(संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं. ठीक आहे, मेलकडे येते.)

मेल लिहिण्याआधी कागदावर एक हिशेब. शाखेची एकूण कर्जं दोन्ही महिन्यांत चाळीस कोटी धरू. मागच्या महिन्यात कळवलेला एनपीए एक कोटी वीस लाख. त्यात दुरुस्तीचे ५२ लाख मिळवा, मागच्या महिन्याचा खरा आकडा होतो एक कोटी बहात्तर. आता या महिन्याची हालचाल: वसुलीने सहा लाख गेले, नवे थकलेले दोन लाख आले. शिल्लक एक कोटी अडुसष्ट. अहवालातही तेवढेच असले पाहिजेत. रुपयाचाही फरक राहिला तर मेल पाठवू नका, कारण मग दुरुस्ती एकच नाही, आणखी काहीतरी हललंय.

या हिशेबातलं मोलाचं म्हणजे मधला आकडा, एक कोटी बहात्तर. तो नसला तर शाखाधिकारी तीन टक्के आणि ४.२ टक्के यांची तुलना करतात आणि शाखा बिघडली असं वाटतं. तो असला तर तुलना ४.३ आणि ४.२ यांची होते. शाखा सुधारली आहे! दुरुस्ती आणि कामगिरी एकाच फरकात मिसळली की शनिवारची ती वसुली अदृश्य होते.

आता मेल. विषयात शाखा, महिना आणि ‘कस्टमर आयडी एकत्रीकरणामुळे एनपीएत ५२ लाखांची भर’ असं स्पष्ट. मजकूर असा:

‘सर, या महिन्याच्या अहवालात आपल्या शाखेचा एनपीए १.६८ कोटी (४.२ टक्के) दिसतो. मागच्या महिन्यात १.२० कोटी (३ टक्के) कळवला होता. यातली ५२ लाखांची वाढ नव्या थकबाकीची नाही. एकाच कर्जदाराच्या दोन कस्टमर आयडी केवायसी विभागाने पॅन दुरुस्त करून एकत्र केल्या. त्यामुळे त्यांचं गृहकर्जही एनपीएत धरलं गेलं. हीच दुरुस्ती मागच्या महिन्याला लावली तर तेव्हाचा एनपीए १.७२ कोटी (४.३ टक्के) होतो. त्या पायावर आपली प्रत्यक्ष हालचाल सहा लाख वसुली आणि दोन लाख नवी भर, म्हणजे चार लाखांची घट आहे. आढावा बैठकीत कृपया हीच तुलना वापरावी. कर्जदाराच्या दोन्ही खात्यांचे क्रमांक आणि दुरुस्तीची तारीख सोबतच्या तक्त्यात आहे.’

याखाली एक परिच्छेद हवाच: आता शाखेने काय करायचं. आमच्या उदाहरणात वैयक्तिक कर्जाची थकबाकी होती फक्त ४१ हजार. रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाप्रमाणे थकलेलं मुद्दल आणि व्याज पूर्ण भरल्याशिवाय खातं पुन्हा स्टँडर्ड होत नाही. अर्धे भरून चालत नाही. पण ४१ हजार पूर्ण आले आणि दोन्ही खात्यांत काही थकलेलं उरलं नाही, की ५२ लाखांचं गृहकर्जही एनपीएतून बाहेर येतं. शाखाधिकाऱ्यांना ज्या फोनची खरी गरज आहे तो याच कर्जदाराला करायचा आहे, आणि हे त्यांना मेलमधूनच कळलं पाहिजे. व्याजाच्या उत्पन्नाचं विचारतील, तर गृहकर्जाचे हप्ते वेळेवर आले असल्याने वसूल झालेलं व्याज उलटवायचं नाही. फक्त जमा धरलेलं पण न आलेलं उलटतं, इथे ते किरकोळ आहे.

दोन गोष्टी घाईत. मागच्या महिन्याचा पाठवलेला अहवाल बदलू नका. तो तसाच ठेवा आणि दुरुस्त आकडा वेगळ्या रकान्यात ‘सुधारित’ म्हणून द्या, नाहीतर ऑडिटला दोन वेगळे मागचे महिने दिसतील. आणि बाहेर आधीच गेलेल्या विवरणपत्रांचं काय करायचं ते अनुपालन विभाग ठरवेल. तुम्ही शाखेला मेलमधून त्याबद्दल शब्द देऊ नका, फक्त त्या विभागाला प्रत पाठवा.

मेल अहवालाच्या आधी पोचावा, निदान त्याच सकाळी. मुलुंडला तो त्याच दिवशी मिळाला असता तर तो माणूस बैठकीला तक्ता घेऊन गेला असता. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी या. आयडी एकत्र करण्याआधी शाखेला विचारायचं की नाही, यावर मला तुमच्याशी भांडायचंच आहे.