तेराव्यानंतरच्या रात्री

[पडवी. भिंतीवरचं घड्याळ. फक्त टिकटिक.]

हे घड्याळ काका रोज रात्री साडेनऊला बघायचे. मग रेडिओ बंद, पडवीचा दिवा बंद, दाराला कडी. कडीचा आवाज आला की काकू आत गोधडी पसरायच्या. एक्केचाळीस वर्षं हेच. काकूंनी स्वतः वेळ पाहिली नाही, त्यांना ती ऐकू यायची.

[मंडपवाल्याचा टेम्पो. खुर्च्या एकात एक घालून भरल्या जातात.]

सातारा जिल्ह्यातलं हे घर. काल काकांचं तेरावं झालं. बारा-तेरा दिवस इथे माणसं खाली सतरंजीवर दाटीवाटीने झोपत होती. काकूंच्या एका अंगाला नणंद, दुसऱ्या अंगाला लेक. जेवण शेजारून यायचं. उठा, आंघोळ करा, दोन घास खा, आता जरा आडव्या व्हा, हे सांगायला कुणीतरी होतंच. झोप तेव्हाही तुटकच लागत होती, पण विचारलं तर काकूंना ते आठवत नाही.

नणंद संध्याकाळच्या एसटीने गेली. लेकीची रजा परवा संपते. झोपेची खरी तक्रार सुरू होते ती चौदाव्या दिवशी.

[टेम्पो वळणाआड जातो. रिकामं अंगण.]

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. बहुतेकांचं ते चोवीस तासांच्या किंचित मागे पडत जातं, म्हणून ते रोज लावावं लागतं. सकाळचा उजेड ते लावतो, हे आपण ऐकलेलं असतं. पण सोबतची माणसंही ते लावत असतात. जेवायची वेळ, चहाची हाक, कडीचा आवाज. अशा खुणांना त्साइटगेबर हा जर्मन शब्द आहे, म्हणजे वेळ देणारा. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक विचार मांडला. जोडीदार गेला की त्याच्याबरोबर या खुणाही जातात, शरीराची लय विस्कटते, आणि काहींच्या बाबतीत नैराश्याची वाट तिथून सुरू होते.

आपण म्हणतो, दुःखाने झोप उडाली. ते खरंच आहे. पण काकूंच्या घरातलं घड्याळ लावणारा माणूसही गेला होता.

[कोनाड्यातलं नेब्युलायझरचं यंत्र. वर रुमाल झाकलेला.]

काकांना दम्याचा जुना विकार होता. शेवटचे आठ महिने रात्री दोन-अडीचला खोकल्याची उबळ यायची आणि काकू उठून हे यंत्र लावायच्या. झोपेतही मेंदू ऐकत असतो, आणि कुठल्या आवाजाला जागं व्हायचं हे तो शिकतो. शेजारच्या लग्नाच्या बँडने उठत नाही ती आई बाळाच्या कण्हण्याने उठते, तसंच हे. खोकला आता नाही. पण कान अजून कामावर आहेत.

त्यात रात्रीची रचनाच अशी, की गाढ झोप बहुतेक पहिल्या प्रहरांत होऊन जाते. तीनच्या सुमारास झोप पातळ असते. एरवी माणूस कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. काकू कूस बदलतात आणि पलंगाची दुसरी बाजू मोकळी लागते. मग छातीत धडधड, मग दवाखान्यातली ती शेवटची संध्याकाळ, मग पहाटेचा कोंबडा.

[वही. निळ्या शाईतले आकडे, जवळून.]

रात्री आम्ही कॅमेरा लावला नाही. ही वही आहे. तालुक्याच्या रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंनी ती लिहायला सांगितली.

तिसऱ्या आठवड्यातलं एक पान. करायला काही नाही म्हणून आठलाच अंथरुणात. डोळा लागला दहाला. जाग अडीचला. पुन्हा डुलकी पाचला, उठल्या साडेसहाला. म्हणजे साडेदहा तास पलंगावर आणि झोप सहा तास. उरलेले साडेचार तास जागं पडून राहणं. रोज असं झालं की शरीर पलंगालाच जागेपणाची जागा समजू लागतं. पडवीत बसल्या बसल्या पेंगणारी बाई अंथरुणाला पाठ टेकताच टक्क जागी होते. असं होत असेल तर ही गाठ बसली आहे असं धरावं.

ताईंनी झोप वाढवायचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी पलंगावरचा वेळ कमी केला. डोळे मिटू लागेपर्यंत, साधारण साडेदहापर्यंत, आडवं व्हायचं नाही. रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठायचं.

[पहाट. उंबऱ्यावर काकू, हातात कप. उजेड हळूहळू वाढतो.]

उठल्यावर चहा आत नाही, उंबऱ्यावर, उजेडात. दुपारी पडायचं तर तीनच्या आत, अर्धा तास. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर होणारा पाचचा चहा बंद, कारण त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग उतरायलाच पाचेक तास लागतात. (हा नियम काकूंनी आठवड्यातून दोनदा मोडला. पाहुण्याला एकट्याने चहा कसा द्यायचा?) आणि साडेसातला लेकीचा फोन. रोज, त्याच वेळेला, पाच मिनिटं का होईना. पूर्वी ती वेळ काकांच्या बातम्यांची होती.

काकांचे फोटो, कागदपत्रं, पेन्शनचे अर्ज, रडू, हे सगळं दुपारी. मनाला दिवसा जागा दिली नाही तर ते रात्रीची घेतं.

[कापूस. काकूंच्या मांडीवर चोळून वळली जाणारी वात. शॉट लांब चालू द्यावा.]

आणि हे रात्रीचं काम. जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप येईना असं वाटलं, तर उठायचं. घड्याळ बघायचं नाही, अंदाजानेच. पडवीत झिरोचा दिवा. मोबाइल नाही, टीव्ही नाही. डब्यातला कापूस घ्यायचा, सरकी काढायची, पेळू ओढायचा, बोटाला राख लावून वात वळायची. हाताला काम, डोक्याला नाही. डोळे जड झाले की वात अर्धी असली तरी ठेवून द्यायची आणि आत जायचं.

हे चित्रण दुपारचं आहे, पण हात तेच.

[डबा. वातींच्या जुड्या.]

सहाव्या आठवड्यातलं पान. साडेदहाला आडव्या, डोळा लागला दहा पन्नासला. तीनला जाग, लगेच उठून पंचवीस मिनिटं वाती. पुन्हा झोप, साडेपाचला उठल्या. झोप सव्वासहा तास, म्हणजे आधीपेक्षा फक्त पाव तास जास्त. पण पलंगावर जागं पडून राहणं साडेचार तासांवरून वीस मिनिटांवर आलं.

शेजारणीने दिलेल्या झोपेच्या गोळीचं काय? काकूंनी दोन रात्री घेतली, सकाळी तोल गेला. या वयात अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सहा महिन्यांनंतरही दुःख दिवसच्या दिवस गिळत असेल, किंवा त्याआधीही जगणं नको वाटत असेल, तर हे वाती-चहाचं काम नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलतात.

[संध्याकाळ. शेजारची मुलगी दप्तर घेऊन पडवीत येते.]

ही दहावीची आहे. आता अभ्यासाला इथे येते, आईनेच पाठवली. साडेनऊला वही मिटते, "काकू, येते" म्हणते आणि निघते. तिच्यामागे काकू दाराला कडी घालतात.

[कडीचा आवाज. घड्याळ.]