थंड इंजिनाची पहिली दोन मिनिटं

सकाळी पेट्रोल गाडी चालू केली की आवाज जरा मोठा येतो आणि इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा हजार-बाराशेच्या वर थांबतो. अर्ध्या-पाऊण मिनिटानं तो आपोआप खाली येतो आणि गाडी शांत होते. आजचं व्याख्यान याच वेळाबद्दल आहे. प्रयोगशाळेत गाडीच्या धुराची चाचणी घेतात, तेव्हा साधारण अकरा किलोमीटरच्या फेरीत जेवढा कार्बन मोनॉक्साइड आणि जेवढं न जळलेलं इंधन बाहेर पडतं, त्यातला बहुतेक भाग पहिल्या एक-दोन मिनिटांतच पडलेला असतो. उरलेल्या वीसएक मिनिटांत अगदी थोडा.

असं होण्याची कारणं दोन, आणि ती एकाच वेळी येतात.

पहिलं कारण इंजिनाच्या आत आहे. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. गरम इंजिनात इंजेक्टरचा फवारा तापलेल्या व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि लगेच उडून जातो. थंड इंजिनात तोच फवारा धातूवर ओल धरून बसतो. वाफ कमी होते, म्हणून गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, जास्त पेट्रोल सोडतो. एरवी एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा हे प्रमाण तो काटेकोर पाळतो, पण सुरुवातीला मिश्रण मुद्दाम दाट ठेवतो. हे जास्तीचं पेट्रोल पूर्ण जळत नाही. काही धुरात जातं, काही सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून खालच्या ऑइलमध्ये मिसळतं.

दुसरं कारण सायलेन्सरच्या वाटेवर आहे. तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. आत मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांची चिनी मातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. ही वीट तापली की विषारी वायूंचा जवळजवळ सगळा भाग ती निरुपद्रवी करून टाकते. थंड असताना मात्र जवळपास काहीच करत नाही. साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसला तिचं काम सुरू होतं. म्हणजे इंजिन सगळ्यात घाण धूर सोडत असतं, नेमकं तेव्हाच तो साफ करणारं यंत्र झोपलेलं असतं.

सुरुवातीचा तो मोठा आवाज याच कन्व्हर्टरसाठी आहे. ईसीयू ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो आणि फेरे वाढवतो. त्यामुळे ज्वलनाची उष्णता पिस्टन ढकलण्यात कमी आणि धुराबरोबर बाहेर जास्त जाते, आणि वीट लवकर तापते. नव्या गाड्यांत कन्व्हर्टर इंजिनाला अगदी चिकटून बसवतात, तोही याचसाठी.

आता एका घराचा दिवस घेऊ. सकाळी सातला मुलाला शाळेत सोडायचं, साडेदहाला बँक, दुपारी चारला क्लास, रात्री आठला किराणा. प्रत्येक फेरी जाऊन-येऊन दोन किलोमीटर, एकूण आठ. बीएस-6 पेट्रोल गाडीला न जळलेल्या इंधनाची, म्हणजे हायड्रोकार्बनची, मर्यादा किलोमीटरला 100 मिलिग्रॅम आहे. आपली गाडी चांगली आहे, चाचणीच्या 11 किलोमीटरमध्ये मर्यादेच्या निम्मं, म्हणजे 550 मिलिग्रॅम सोडते असं धरू. त्यातले 400 सुरुवातीचे आणि 150 उरलेल्या सगळ्या अंतराचे. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, गाडीगणिक बदलतील.

म्हणजे गरम झाल्यावर किलोमीटरमागे साधारण 14 मिलिग्रॅम. दोन किलोमीटरची फेरी म्हणजे 400 अधिक 28, म्हणजे 428. अशा चार फेऱ्या म्हणजे 1,712. तीच कामं एका आठ किलोमीटरच्या फेरीत केली तर 400 अधिक 112, म्हणजे 512. अंतर तेच, पण न जळलेलं इंधन तिपटीहून जास्त. उलट बाजूनं पाहा: एकदा थंड गाडी चालू करणं म्हणजे गरम गाडी 28 किलोमीटर चालवण्याइतकं.

इथे एक दुरुस्ती करायलाच हवी. चारही सुरुवाती सारख्या थंड नसतात. इंजिन हे लोखंड, ॲल्युमिनियम आणि पाण्याचं जड धूड, ते तीन तासांनंतरही कोमट असतं. म्हणून नंतरच्या सुरुवातींना जास्तीचं पेट्रोल कमी लागतं. कन्व्हर्टर मात्र हलका, तो तासाभरात काम करण्याच्या तापमानाखाली येतो. फरक थोडा कमी होतो, जात नाही. दहा मिनिटं थांबून परत निघालात तर दोन्ही गरमच असतात.

कार्बन डायऑक्साइडचा हिशोब वेगळा आहे. तो मुख्यतः जाळलेल्या इंधनावर ठरतो, त्यामुळे चाळीस किलोमीटरची एक फेरी तिथे जास्तच भरेल. मी सांगतोय ते श्वासात जाणाऱ्या विषारी वायूंबद्दल, आणि ते सोडले जातात सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि शाळेच्या फाटकापाशी. पीयूसीच्या तपासणीत हे दिसत नाही, कारण ती गरम इंजिनावर घेतात.

फक्त छोट्या फेऱ्या करणारी गाडी खुणा दाखवते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये ते साचतं, शेपटातून थेंब थेंब गळतं, आणि पूर्ण तापून उडून गेलं नाही तर आतून गंज धरतो. ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करा. आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा फिकट, चिकट थर असेल तर ऑइलमधलं पाणी उडत नाहीये. डिपस्टिकवरची पातळी खाली येण्याऐवजी वर चढली आणि पेट्रोलचा वास आला, तर ऑइल पातळ झालंय. किलोमीटर भरायची वाट न पाहता ते बदला. मात्र ती साय डिपस्टिकवरही असेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या, तो आजार वेगळा.

बीएस-6 डिझेलला याहून जास्त त्रास. काजळी अडवणारा डीपीएफ साफ व्हायला आत साधारण 600 अंश तापमान आणि पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. रोज दोनच किलोमीटर चालली तर सफाई अर्धवट राहते आणि दिवा लागतो.

मग करायचं काय? गाडी दारात पाच मिनिटं चालू ठेवू नका. जागच्या जागी चालणारं इंजिन फार सावकाश तापतं. फेरे खाली आले की निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं चालवा. पॅडल दाबलं की मिश्रण आणखी दाट होतं. कामं जोडताना सगळ्यात लांबचं काम आधी घ्या. तिथे पोचेपर्यंत सगळं तापतं, आणि परतीच्या वाटेवरचे बँक, किराणा असे दहा-पंधरा मिनिटांचे थांबे गरम कन्व्हर्टरवर होतात. जवळचं आधी केलंत तर पहिल्या थांब्यावर गाडी अर्धवट तापलेलीच बंद होते.

आणि एक किलोमीटरवरची शाळा असेल, तर ती फेरी पायी किंवा सायकलवर करा. त्या फेरीत कन्व्हर्टर तापेपर्यंत निम्मा रस्ता संपलेला असतो.