सहा सेशनचं पॅकेज आणि पांढऱ्या टोकाचा केस

[दृश्य: काळ्या कागदावर गळलेला एक केस, अगदी जवळून]

या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. बऱ्याच हेअर क्लिनिकच्या टेबलावर हीच गाठ दाखवून सांगतात, "बघा, मुळासकट निघतोय." ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण मूळ कातडीतच असतं. या केसाची वाढ थांबली होती, तो विश्रांतीत गेला आणि आता गळला, एवढंच ही गाठ सांगते. त्याच जागेतून नवा केस येऊ शकतो.

समजा, लातुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या २२ वर्षांच्या मुलाला सप्टेंबरात डेंग्यू झाला. डिसेंबरात आंघोळीच्या वेळी केसांचे पुंजके निघू लागले. घरचे बोअरच्या पाण्याला दोष देतात. जड पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात, पण मुळापासून टक्कल पडत नाही. मुलगा क्लिनिकला जातो. डॉक्टरांच्या आधी 'हेअर काउन्सेलर' भेटतो आणि योजना पुढे ठेवतो: एक्सोसोम आणि स्टेम सेल, महिन्याला एक अशी सहा सेशन, ९० हजार, आज भरले तर ६५ हजार, हप्त्यांचीही सोय.

आता महिने मोजा. मोठा ताप, टायफॉइड, बाळंतपण किंवा झपाट्याने घटलेलं वजन यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. बहुतेकांची ही गळती सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. सहा सेशन डिसेंबर ते मे चालणार, म्हणजे केस आपसूक सावरतात नेमका तोच काळ. मे महिन्यात नवे केस दिसतील आणि श्रेय पॅकेजला जाईल. गुण येणारे पेशंट खोटं बोलत नसतात, म्हणूनच ही गोष्ट पकडणं अवघड आहे.

[दृश्य: हातातली छोटी बाटली, लेबलवर कॅमेरा स्थिर]

या सेशनमध्ये वापरतात त्या बाटलीत असतं काय? एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात अशा जिवंत मूळ पेशी. एक्सोसोममध्ये जिवंत पेशी नसते, तेव्हा एक्सोसोम टोचणं म्हणजे स्टेम सेल देणं नव्हे. 'प्लांट स्टेम सेल' लिहिलेलं सिरम तर वनस्पतीचा अर्क असतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एकाही एक्सोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही. २०१९ मध्ये तर त्यांनी धोक्याची जाहीर सूचना काढली. आपल्याकडे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केसांसाठी स्टेम सेल देणं हे नेहमीच्या उपचारात बसत नाही. ते नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात.

लेबल नीट वाचा. अशा अनेक बाटल्या सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जातात आणि 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं त्यांवर छापलेलं असतं. कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे चोळायची, ओतायची, शिंपडायची वस्तू. सुईने टोचायची नव्हे. बारीक सुयांच्या रोलरने कातडीला भोकं पाडून वरून सोडलं, तरी ते कातडीच्या आत जातंच. जंतुसंसर्ग किंवा गाठी झाल्या तर नेमकं काय टोचलं हे कळायला हवं. म्हणून बाटलीचा आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा.

गळती तापामुळे नसून आनुवंशिक असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे केस पुंजक्याने जात नाहीत. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत, टाळूवर ते हळूहळू बारीक होतात. कातडी मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपखाली जाड आणि बारीक केस शेजारी-शेजारी दिसतात. पुरुषांसाठी याचे सर्वांत पक्के पुरावे असलेले उपचार जुनेच आहेत: डोक्याला लावायचं ५ टक्के मिनॉक्सिडिल आणि १ मिलिग्रॅम फिनास्टराइडची गोळी. फिनास्टराइडने काहींच्या लैंगिक इच्छेवर परिणाम होतो, म्हणून ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचं. मिनॉक्सिडिलच्या पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते. घाबरून नेमकं तेव्हाच ते सोडलं जातं आणि पेशंट पॅकेजकडे वळतो. फरक जोखायला किमान सहा महिने लागतात, आणि औषध थांबवलं की फायदाही ओसरतो. जिथे कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली आहे, तिथे कुठलीही बाटली नवे केस उगवत नाही.

म्हणून योजना हातात आली की आधी किंमत पाहू नका, निदान शोधा. कागदावर गळतीचं नाव आहे का? मागच्या सहा महिन्यांतला ताप विचारला का? हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, थायरॉइड तपासायला सांगितलं का? यातलं काहीच नसेल, तर सहा सेशन हा आकडा कुठून आला, हे विचारा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा. केसांचे तज्ज्ञ म्हणून लावलं जाणारं 'ट्रायकॉलॉजिस्ट' हे बिरुद डॉक्टरकीची पदवी नव्हे. हप्त्यांवर सही करण्याआधी लक्षात घ्या, ते बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. तिसऱ्या सेशनला मन उडालं तरी हप्ते चालूच राहतात.

[दृश्य: सरकारी दवाखान्यातली ओपीडीची रांग]

दुसरं मत घ्यायला लांब जावं लागत नाही. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगरची घाटी, इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना तापाची तारीख, आधीचे रिपोर्ट आणि क्लिनिकने दिलेला योजनेचा कागद सोबत न्या. घरी खिडकीपाशी, उजेडात, कोरड्या केसांचा, मधून भांग पाडून एक फोटो आज काढा. तसाच फोटो त्याच जागी, त्याच उजेडात सहा महिन्यांनी पुन्हा काढा.