मुदत संपली, आता पतसंस्थेला काय विचारायचं?

मंडळी, ठेवीची मुदत संपली, की आपण काउंटरवर जाऊन विचारतो, "पैसे कधी मिळतील?" उत्तर ठरलेलं असतं, "वसुली सुरू आहे, पुढच्या आठवड्यात या." आपण घरी येतो. या भेटीचा कुठेही कागद होत नाही. सहा महिन्यांनी तुम्ही तक्रार करायला गेलात, तर पैसे कधी मागितले होते हे दाखवायला तुमच्या हातात काही नसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या एका काकूंनी पतसंस्थेत 1,00,000 रुपये बारा महिन्यांसाठी 9 टक्क्यांनी ठेवले. सरळव्याजाने मुदतीअखेर त्यांना 1,09,000 यायला हवेत. मुलीच्या प्रवेशाची फी भरायची आहे. शाखेत गेल्यावर मॅनेजर गोड बोलतात, "काकू, सहा महिने रिन्यू करा की! अर्धा टक्का जादा देतो."

इथे थांबा, मी कळकळीने सांगतो. नूतनीकरणावर सही केली, की जुनी पावती संपते आणि नवी मुदत सुरू होते. म्हणजे संस्थेच्या दप्तरात तुमचे पैसे थकलेले दिसतच नाहीत. उद्या सहकार खात्याच्या निबंधकांकडे गेलात, तर "यांची मुदत अजून पूर्ण झालेली नाही" असं उत्तर मिळेल. पैसे खरंच नको असतील, तर जरूर रिन्यू करा. नाइलाज म्हणून मात्र करू नका.

दुसरी काळजी मूळ पावतीची. पैसे घेताना पावतीच्या पाठीमागे रेव्हेन्यू तिकिटावर सही करून द्यावी लागते, म्हणजे रक्कम मिळाल्याची कबुली. पैसे हातात नसताना ही सही कुणी मागितली, तर देऊ नका. पावती दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ पावती स्वतःकडे ठेवा. ती जमा करावीच लागली, तर पावती क्रमांक लिहिलेली पोच घ्या.

मग काकूंनी विचारायचं काय? साध्या कागदावर, व्यवस्थापक आणि सचिवांच्या नावे, एवढंच:

"माझ्या ठेव पावती क्रमांक अमुकची मुदत अमुक तारखेला संपली. मी नूतनीकरणास संमती दिलेली नाही. मूळ रक्कम व व्याज मिळून 1,09,000 रुपये कोणत्या तारखेस व कशा प्रकारे देणार, आणि मुदतीनंतरच्या काळाचे व्याज कोणत्या दराने देणार, हे लेखी कळवावे."

दोन प्रती करा. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली, तर तोच अर्ज पोस्टाने रजिस्टर करून पाठवा. पिग्मी एजंटाकडे देऊन चालत नाही. त्याचा या निर्णयाशी संबंध नसतो.

मुदतीनंतरच्या व्याजाचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. तीन महिने उशीर झाला आणि 1,09,000 वर 9 टक्के धरले, तर सुमारे 2,450 रुपये होतात. संस्थेने बचत खात्याचा, समजा 4 टक्के, दर लावला तर फक्त 1,090. कोणता दर लागू होतो हे पावतीवरच्या अटींत किंवा संस्थेच्या नियमांत, म्हणजे उपविधीत असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, 1960 च्या कलम 32 नुसार सभासदाला उपविधी आणि शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहता येतो, तेव्हा तो मागा. ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक एकीकडे व ठेवी दुसरीकडे ठेवून बघा. शिल्लक अगदी तोकडी आणि कर्जांची थकबाकी वर्षागणिक फुगत असेल, तर "पुढच्या आठवड्यात" या शब्दावर विसंबू नका. एक लक्षात असू द्या, बँकेच्या ठेवीला असतं ते 5 लाखांपर्यंतचं विमासंरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नसतं.

लेखी उत्तर आलं नाही, तर पोच जोडून सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात अर्ज द्यायचा. कोल्हापुरात जिल्हा उपनिबंधकांचं कार्यालय आहे. पावतीच्या माथ्यावर "मल्टिस्टेट" असेल, तर मात्र ती संस्था केंद्रीय निबंधकांच्या अखत्यारीत येते आणि तिथली तक्रार इथे चालत नाही. हे आधीच बघा, फुकटचे हेलपाटे वाचतील. नोंदणीकृत चिट फंड असेल, तर तो 1982 च्या चिट फंड कायद्याखाली येतो, त्याचा निबंधक वेगळा. गल्लीतल्या बिननोंदणीच्या भिशीत मात्र आयोजकाच्या सहीची वही आणि ऑनलाइन भरण्याच्या नोंदी हाच काय तो पुरावा.

आता समजा, संस्थेने काकूंना सांगितलं, "सध्या 20,000 घ्या, बाकी नंतर." घ्यावेत, फीला उपयोगी पडतील. फक्त व्हाउचरवर "अंशतः, पावती क्रमांक अमुकपैकी" असं लिहून घ्यायचं, आणि उरलेले पैसे कोणत्या तारखेला मिळणार ते त्याच कागदावर लिहून मागायचं. "पूर्ण व अंतिम" हे शब्द दिसले, तर सही करण्याआधी ते खोडायला सांगा.